कावीळ, फुटलेला पाइप आणि ‘असं समजतं’

प्रश्न: परळला आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. गुरुवारी रात्री मी ही पोस्ट टाकली: ‘सावधान! आपल्या नळांना गटाराचं पाणी येतंय. शनिवारी नाक्यावरच्या खोदकामात पाइप फुटल्यामुळे आपल्या बिल्डिंगमधल्या तीन मुलांना कावीळ झाली. पालिकेनेही हे मान्य केलंय. पाणी उकळूनच प्या. सगळ्यांना पाठवा.’ ती शेजारच्या चार इमारतींत फिरली. आता नीट बघितलं तर माझ्याकडे एवढंच आहे: पाइप फुटल्याचं वॉचमनने सांगितलं. रविवारी सकाळी माझ्या नळाला गढूळ पाणी आलं, वासही होता. दोन मुलांचे रिपोर्ट त्यांच्या पालकांनी दाखवले, हिपॅटायटिस ए लिहिलंय. दोघं मंगळवारपासून आजारी आहेत. तिसऱ्याचं फक्त ऐकलं. वॉर्ड ऑफिसातला ज्युनिअर इंजिनिअर फोनवर म्हणाला, ‘असू शकतं, नमुना घ्यावा लागेल.’ पोस्ट काढून टाकायची नाही. प्रत्येक वाक्यात ‘कदाचित’ घालून परत टाकू का?

उत्तर:

नका टाकू. ‘कदाचित’ सगळीकडे सारखा शिंपडला की खरी वाक्यं कमकुवत होतात आणि चुकीची वाक्यं वाचतात. तुमच्या पोस्टमध्ये सगळंच संशयास्पद नाही. काही तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, काही ऐकलंय, काही तुमचा अंदाज आहे, एक गोष्ट खोटी आहे आणि एक तर घडूच शकत नाही. या पाचांना एकाच मापाचा सदरा घालता येणार नाही.

मी एका मराठी दैनिकाच्या शहर पानावर चोवीस वर्षं उपसंपादक होते. पावसाळा आला की गढूळ पाणी, उलट्या-जुलाब, कावीळ अशा बातम्या रोजच्याच. वार्ताहराची कॉपी हातात आली की समासात पेन्सिलीने एकेक अक्षर टाकायची माझी सवय होती. पाहिलेल्याला ‘पा’, कागदावर असलेल्याला ‘का’, ऐकलेल्याला ‘ऐ’ आणि अंदाजाला ‘अं’. एका वाक्यात दोन अक्षरं आली की ते वाक्य तोडायचं. तुमची पोस्ट माझ्याकडे आली असती तर दुसऱ्या वाक्याचे निदान तीन तुकडे केले असते. पाइप फुटला हे ‘ऐ’, दोन मुलांना कावीळ हे ‘का’, तिसऱ्याला कावीळ पुन्हा ‘ऐ’, आणि मधला ‘मुळे’ हा निव्वळ ‘अं’. पण वाचणाऱ्याला चारही गोष्टी एका दमात, एकाच सुरात मिळाल्या.

आधी त्या ‘मुळे’कडे येते, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. हिपॅटायटिस एची लागण झाली की आजार दिसायला साधारण दोन ते सात आठवडे लागतात, बहुतेकदा चारच्या आसपास. पाइप फुटला शनिवारी, मुलं आजारी पडली मंगळवारी, म्हणजे मध्ये तीन दिवस. शनिवारच्या पाण्याने मंगळवारी हिपॅटायटिस एची कावीळ होत नाही. म्हणून ‘पाइप फुटल्यामुळे कदाचित कावीळ झाली असावी’ हे वाक्य दिसायला नम्र असलं तरी प्रामाणिक नाही. जे जुळतच नाही, त्याला तुम्ही ‘जुळत असेलही’ म्हणून जिवंत ठेवताय. जिथे खरोखर माहीत नाही तिथे शंका लिहावी. माहिती असूनही तिथे शंका लिहिली, तर ती पळवाट झाली.

याचा परिणाम शब्दांपुरताच राहत नाही. मुलांना लागण काही आठवड्यांपूर्वी झाली असेल तर ती कुठून झाली हा प्रश्न मोकळाच आहे. घरचं पाणी, शाळेतलं पाणी, बाहेरचं खाणं, काहीही असू शकतं. तुमच्या इमारतीची जमिनीखालची टाकीही असू शकते. पोस्ट वाचून चार इमारतींचे लोक नाक्यावरच्या खड्ड्याकडे बोट दाखवत बसले असतील, तर स्वतःच्या टाकीचं झाकण उघडून बघायचं कुणाला सुचलं नसेल. टाकी शेवटची कधी धुतली, ते तुमच्याच रजिस्टरमध्ये असेल. सेक्रेटरी म्हणून हे वाचायला बरं वाटणार नाही, पण खोदकामाला दोष देणारी पोस्ट टाकीची देखभाल करणाऱ्यानेच लिहिलेली असली, तर एवढा तपशील त्यात यायला हवा.

आता गटाराचं पाणी. हा अंदाज तुम्ही हवेतून काढलेला नाही. मुंबईत बहुतेक भागांत पाणी दिवसातून ठरावीक तासच येतं. उरलेला वेळ पाइपात दाब नसतो. पाइपाला चीर असेल आणि शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असेल, तर त्या वेळात बाहेरचं पाणी आत ओढलं जातं आणि पुढचं पाणी सुटलं की पहिली काही मिनिटं तेच नळाला येतं. खोदकामानंतर हे घडतं. पण खोदकामानंतर नुसता मातीचा गाळही येतो आणि तोही गढूळच दिसतो. तुम्हाला वास आला, याने गटाराकडे थोडं वजन झुकतं. पण वासावरून पाण्यात काय आहे ते सिद्ध होत नाही, त्यासाठी नमुनाच लागतो. म्हणजे इथे ‘अं’ आहे, पण कारण असलेला ‘अं’. तो पुसायचा नाही. अंदाज आहे असं सांगून, कारणासकट ठेवायचा.

मराठीत या पायऱ्यांसाठी शब्द तयार आहेत, आपण ते घाईत वापरत नाही एवढंच. ‘असू शकतं’ म्हणजे नुसती शक्यता, नाही म्हणता येत नाही इतकीच. ‘असेल’ म्हणजे बोलणाऱ्याचा कल तिकडे आहे. ‘असावं’ म्हटलं की काहीतरी खूण दिसलीय आणि तिच्यावरून तर्क केलाय. ‘असणार’मध्ये बोलणाऱ्याची खात्री आहे, पुरावा असो-नसो. आणि ‘आहे’ म्हणजे आहे. ज्युनिअर इंजिनिअर सगळ्यात खालच्या पायरीवर होता. त्याने ‘असू शकतं’ म्हटलं. तुमच्या पोस्टमध्ये तो सगळ्यात वरच्या पायरीवर पोचला, शिवाय एकट्या माणसाची ‘पालिका’ झाली. तुमच्या नळाबद्दल तुम्ही मात्र ‘असावं’ लिहू शकता, कारण गढूळपणा आणि वास या दोन खुणा तुमच्याकडे आहेत.

‘मान्य केलं’ या क्रियापदावर जरा थांबते. ‘मान्य केलं’, ‘कबूल केलं’, ‘उघड केलं’, ‘निदर्शनास आणलं’ ही सगळी क्रियापदं पोटात एक गृहीत बाळगून असतात की पुढची गोष्ट खरीच आहे, आणि बहुतेकदा ती कुणीतरी दाबून ठेवली होती. ‘इंजिनिअरने कदाचित मान्य केलं’ असं लिहिलंत तरी ते गृहीत जात नाही. शंका फक्त त्याच्या कबुलीवर पडते, पाणी दूषित असण्यावर नाही. म्हणून तिथे साधं ‘म्हणाला’ वापरा आणि त्याचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे द्या. ‘दावा केला’ही इथे नको. त्यात बोलणारा खोटं बोलत असावा असा वास येतो आणि बिचाऱ्याने कसलाच दावा केलेला नाही.

आता वर्तमानपत्री लाडका शब्द, ‘समजते’. ‘पाणी दूषित असल्याचे समजते.’ कोणाला समजलं? कुणाकडून? हा शब्द लेखकाची कातडी वाचवतो, वाचकाला मात्र काहीच देत नाही. आम्हीही तो भरपूर वापरला. एकदा एका लग्नातल्या विषबाधेच्या बातमीत मीच ‘केटररच्या दुधाच्या पदार्थातून बाधा झाल्याचे समजते’ असं जाऊ दिलं. प्रत्यक्षात वार्ताहराला एका पाहुण्याने तसं वाटतंय म्हणून सांगितलं होतं, बाकी आधार शून्य. तिसऱ्या दिवशी केटरर ऑफिसात आला. त्याच्या बिलात दुधाचा एकही पदार्थ नव्हता; आइस्क्रीम मुलीकडच्यांनी बाहेरून मागवलं होतं. त्याने बातमीचं कात्रण टेबलावर ठेवून मला विचारलं, ‘मॅडम, हे समजलं कुणाला?’ माझ्याकडे नाव नव्हतं. ‘एका पाहुण्याला तसं वाटतं’ असं खरं लिहिलं असतं, तर ते वाक्य छापण्याच्या लायकीचं नाही हे मला लिहितानाच कळलं असतं. तेव्हापासून ‘समजते’ दिसलं की मी आधी त्या जागी माणूस बसवून बघते.

‘म्हणे’ घालू का, असा मोह होईल. बोलताना तो गोड लागतो. पण लिहिलेल्या ‘म्हणे’त थट्टा असते. ‘पाइप फुटला म्हणे’ लिहिलंत तर वॉचमनला तुम्ही खोटं पाडताय असं वाचलं जाईल. आणि ‘कथित’ तर मुळीच नको. ‘कथित दूषित पाणी’ असं घरात कुणी बोलत नाही. शिवाय एखाद्या माणसाचं किंवा कंत्राटदाराचं नाव घेऊन आरोप केला, तर पुढे ‘कथित’ लावल्याने बदनामीच्या जबाबदारीतून आपोआप सुटका होते, ही समजूत चुकीची आहे. ऐकलेली बदनामी पुन्हा लिहिणं हेही प्रसिद्ध करणंच. तुम्ही कुणाचं नाव घेतलेलं नाही, ते तसंच राहू द्या.

‘मुळे’च्या जागी ‘नंतर’ टाकला की झालं, असंही बऱ्याच जणांना वाटतं. ‘खोदकामानंतर मुलांना कावीळ.’ अक्षरशः खरं आहे, पण वाचणारा त्यातून कारणच वाचतो, आणि लिहिणाऱ्यालाही ते माहीत असतं. दोन घटनांचा संबंध नसेल तर त्या एका वाक्यात ठेवूच नका, शक्यतो एका परिच्छेदातही नको. मध्ये जागा सोडा.

मराठीची आणखी एक अडचण आहे, ती वाक्याच्या बांधणीची. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘असं वॉचमन सांगतो’ हे शब्दही शेवटी जाऊन बसतात. ‘शनिवारी नाक्यावर खोदकाम सुरू असताना पाण्याचा मुख्य पाइप फुटून रात्रभर पाणी वाहत होतं, असं वॉचमन सांगतो.’ वाचणारा तेरा शब्द तथ्य म्हणून वाचतो आणि मग कळतं की ही ऐकीव गोष्ट. मोबाइलवर तर पहिल्या दोन ओळीच दिसतात. म्हणून सांगणारा आधी आणा: ‘आमचा वॉचमन सांगतो की…’ आणि हे प्रत्येक वाक्याला करा. पहिल्या वाक्यात ‘वॉचमन सांगतो’ म्हटलं आणि पुढची तीन वाक्यं ‘होतं, झालं, आलं’ अशी गेली, तर ती तिन्ही तुमच्या नावावर जमा होतात.

आता ‘पाणी उकळून प्या’. इथे शंकेचा एकही शब्द नको. सल्ला योग्य ठरायला पाणी दूषित असल्याचं सिद्ध व्हावं लागत नाही. गढूळ आणि वासाचं पाणी आलं, एवढं कारण पुरेसं आहे. ‘उकळलेलं बरं असावं’ असं लिहिलंत तर कुणी उकळणार नाही. उलट ते नेमकं करा: बुडबुडे चांगले फुटायला लागल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यायचं. ज्याबद्दल माहीत नाही ते मोकळेपणी सांगायचं आणि त्या अज्ञानातही काय करायचं ते ठामपणे सांगायचं, या दोन्ही गोष्टी एका पोस्टमध्ये सुखाने राहतात.

हे सगळं धरून मी ती अशी लिहीन:

‘शुक्रवार, रात्री ९. माझ्या काल रात्रीच्या पोस्टमध्ये दोन चुका होत्या. पालिकेने काही मान्य केलेलं नाही. वॉर्ड ऑफिसातले ज्युनिअर इंजिनिअर मला फोनवर एवढंच म्हणाले: “असू शकतं, नमुना घ्यावा लागेल.” दुसरं, मुलांची कावीळ शनिवारच्या खोदकामामुळे झाली असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही. हिपॅटायटिस एची लागण झाल्यावर आजार दिसायला निदान दोन आठवडे लागतात.

पाण्याबद्दल: रविवारी सकाळी माझ्या घरच्या नळाला गढूळ, वास येणारं पाणी आलं. आपला वॉचमन सांगतो की शनिवारी नाक्यावर खोदताना पाण्याचा पाइप फुटला. मी तो पाहिलेला नाही. गढूळ पाणी त्यामुळे आलं असावं असा माझा अंदाज आहे. आपल्या टाकीतही दोष असू शकतो. अजून दोन्ही तपासलेलं नाही.

कावीळीबद्दल: इमारतीतल्या दोन मुलांना हिपॅटायटिस ए झाल्याचे रिपोर्ट मी पाहिले आहेत. लागण कुठून झाली, ते कळलेलं नाही.

नमुन्याचा निकाल येईपर्यंत पिण्याचं पाणी निदान एक मिनिट उकळून घ्या. तुमच्याकडेही गढूळ पाणी आलं असेल तर तारीख-वेळ मला कळवा आणि पालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार नोंदवा. निकाल आला की इथेच लिहीन. कालची पोस्ट ज्यांना पाठवलीत, त्यांना हीसुद्धा पाठवा.’

मूळ पोस्टपेक्षा ही पाचपटीहून जास्त लांब झाली, आणि तिच्याइतकी फिरणार नाही. ते मला मान्य आहे. म्हणूनच चुका सगळ्यात वर ठेवल्या. कुणी पहिल्या चार ओळीच वाचल्या तरी निदान चुकीची गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईल. ‘सावधान!’ काढलं, कारण तो एक शब्द पुढच्या सगळ्या सावध वाक्यांवर पाणी फिरवतो. तिसरं मूल गाळलं. ‘तिसऱ्या मुलालाही झाल्याचं ऐकलं’ असं लिहून ते ठेवता आलं असतं. पण शंकेचा शब्द लावला की काहीही लिहिता येतं, असं नाही. एका इमारतीत ते मूल कोणतं हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. त्याच्या घरी एक फोन करा. ते हो म्हणाले आणि सांगायला तयार असले तर आकडा बदला. पहिल्या दोघांच्या पालकांनाही पोस्ट टाकण्याआधी दाखवा. रिपोर्ट त्यांनी तुम्हाला दाखवले होते, चार इमारतींना नव्हे.

हा मसुदा तुमच्या आजच्या माहितीवर आहे, माहिती बदलली की शब्द बदलतील. रिपोर्टवर हिपॅटायटिस ए नसून नुसतं ‘कावीळ’ असतं, तर मी दोन आठवड्यांची गोष्ट इतक्या ठामपणे लिहिली नसती, कारण कावीळ हे लक्षण आहे आणि ते अनेक आजारांत दिसतं. पाइप दुरुस्त करणाऱ्या माणसाशी तुमचं बोलणं झालं, तर वॉचमनचं वाक्य एक पायरी वर जाईल. आणि एखादा दावा तपासून खोटाच ठरलेला असेल, तर त्याला शंकेच्या भाषेत जपायचं नाही. आपल्या सीएसएमटीचा आराखडा मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनशी अदलाबदल झाला, ही दंतकथा तुम्ही ऐकली असेल. दरवर्षी कुणीतरी ती ‘असं म्हणतात’ लावून लिहितं. बोरीबंदरची ती इमारत १८८० च्या दशकातच उभी राहिली होती. मेलबर्नच्या आराखड्याची स्पर्धा झाली १८९९ मध्ये. तिथे ‘असं म्हणतात’ पुरेसं नाही, ‘असं म्हणतात, पण तारखा जुळत नाहीत’ एवढं लिहावं लागतं. तुमचं खोदकाम आणि कावीळ त्याच जातीचं आहे. गटाराचं पाणी मात्र अजून खरोखर उघडा प्रश्न आहे.

शेवटचं, नमुन्याच्या निकालाबद्दल. क्लोरीन जागच्या जागी तपासता येतो, पण जंतूंच्या तपासणीला साधारण एक-दोन दिवस जातात. निकाल चांगला आला तर उत्साहात ‘पाणी स्वच्छ असल्याचं सिद्ध’ लिहू नका. सोमवारी घेतलेला नमुना सोमवारचं पाणी सांगतो, रविवारी तुमच्या नळाला काय आलं होतं ते नाही. नमुना कुठून घेतला यानेही फरक पडतो. टाकीच्या आधीच्या नळातला असेल तर पालिकेचं पाणी कळतं, तुमच्या स्वयंपाकघरातला असेल तर पालिका आणि टाकी दोन्ही मिळून. दोन्ही ठिकाणचे घ्यायला सांगा, आणि मग असं लिहा: ‘सोमवारी सकाळी ७ वाजता टाकीच्या आधीच्या नळातून आणि माझ्या स्वयंपाकघरातून नमुने घेतले. दोन्हींत ई. कोलाय आढळले नाहीत.’ पहिला चांगला आणि दुसरा वाईट निघाला, तर ती पोस्ट लिहायच्या आधी टाकी धुणाऱ्याला फोन करा.